जुन्या भाडेकरूला भाडेवाढीचं पत्र

मार्च लागला की माझ्याकडे घरमालकांची वर्दळ वाढते. पुण्यात बरेच करार एप्रिल ते जूनच्या दरम्यान संपतात आणि येणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "इतक्या वर्षांचा भाडेकरू आहे हो. त्याला भाडं वाढवायचं सांगू कसं?" नव्या माणसाला आकडा सांगताना कुणाची जीभ अडत नाही. जुन्या माणसाला सांगताना अडते, कारण मधल्या वर्षांत फराळाची ताटं इकडून तिकडे गेलेली असतात, आजारपणात डबे पोचलेले असतात. वकील म्हणून मी करारनामे आणि नोटिसा लिहिते. त्यांत हे पत्र मला सगळ्यांत अवघड वाटतं, आणि ते नीट जमलं पाहिजे असं मनापासून वाटतं. ते बिघडलं तर एका कुटुंबाचं घर जातं आणि दुसऱ्याचा चांगला भाडेकरू जातो. पैसे बहुतेक वेळा दोघांचेही बुडतात.

*

यंदाचंच एक उदाहरण घेते. कोथरूडमधला जुन्या इमारतीतला लहान टू बीएचके, लिफ्ट नाही. मालकीण निवृत्त शिक्षिका. भाडेकरू नवरा-बायको आणि दहावीतली मुलगी. ते मालकीणबाईंना काकू म्हणतात. भाडं सोळा हजार, आणि सहा वर्षं तेवढंच. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा, आकडा जुनाच राहायचा. काकूंना दर वेळी वाटायचं, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

या "पुढच्या वर्षी बघू"ची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते. दर वर्षी पाच टक्के वाढवले असते तर भाडं हळूहळू एकवीस हजारांच्या आसपास आलं असतं आणि कुणाला ते जाणवलंही नसतं. आता एकदम चार-पाच हजार वाढवायचे म्हटल्यावर भाडेकरूच्या महिन्याच्या हिशेबाला धक्का बसतो. म्हणून पत्र लिहिण्याआधी मालकाने हे मनाशी मान्य करावं की ही वाढ समोरच्याला मोठी वाटणार आहे आणि तसं वाटणं रास्त आहे. पत्रातली सभ्यता तिथून येते. "कृपया" आणि "नम्र" किती वेळा लिहिलं यावर ती ठरत नाही.

*

आधी कागद बघायचा. मी प्रत्येकाला पहिल्यांदा करार आणायला सांगते.

लिव्ह अँड लायसन्सचा करार चालू असेल आणि त्यात मधे वाढ करण्याचं कलम नसेल तर मुदत संपेपर्यंत भाडं वाढवता येत नाही. पत्र कितीही गोड लिहा, करारातला आकडाच खरा. मुदत संपताना मात्र दोघेही मोकळे असतात. मालकाने नवा आकडा सांगायचा, राहणाऱ्याने तो मान्य करायचा किंवा घर सोडायचं.

जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत तिसरीच परिस्थिती फार वेळा दिसते. करार कधीच संपलेला असतो, नवा केलेलाच नसतो, आणि सगळं तोंडी चाललेलं असतं. "आमचं बोलणं झालं होतं की दर वर्षी हजार रुपये वाढवायचे," असं मालक सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा मालकाने भाडेवाढीचं ठणठणीत पत्र पाठवण्याआधी स्वतःची बाजू किती पातळ आहे ते समजून घ्यावं. त्याने एकाच पत्रात दोन गोष्टी मांडाव्यात : नवा नोंदणीकृत करार करू या, आणि त्या करारातलं भाडं इतकं असेल.

काकूंचे करार मात्र शिस्तीत होते. चालू करार ३१ मे रोजी संपत होता.

*

आकडा पत्राच्या आधी ठरतो. हे उघड वाटेल, पण बहुतेक माणसं लिहिता लिहिता आकडा ठरवतात आणि मग वाक्यात तो डळमळीतपणा उतरतो.

काकूंच्या इमारतीत तेवढ्याच आकाराच्या दोन घरांचे नवे करार तेवीस हजारांना झाले होते. त्यांचा मुलगा तेवीसच घ्या म्हणत होता. आम्ही बसून हिशेब केला. हे कुटुंब गेलं तर नवं मिळेपर्यंत एक महिना घर रिकामं राहणार, म्हणजे तेवीस हजार गेले. दलालाला एका महिन्याचं भाडं, आणखी तेवीस. सहा वर्षांनी रंग द्यावाच लागणार, त्याचे पंचवीस धरले. एकूण एकाहत्तर हजार. आता याच कुटुंबाकडून वीस हजार घेतले तर बाजारापेक्षा महिन्याला तीन हजार कमी येतात. एकाहत्तर हजारांचा खड्डा भरायला त्या तीन हजारांना जवळजवळ दोन वर्षं लागतात. तोवर या कुटुंबाला ठेवणं काकूंना तोट्याचं नाही, आणि माणसं ओळखीची आहेत ते वेगळंच.

हा हिशेब झाल्यावर काकू वीस हजारांवर स्थिर झाल्या. उपकार म्हणून आकडा उतरवला की नंतर त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. हिशेबाने उतरवला की तो मनावर राहत नाही, आणि कुणी आणखी कमी करा म्हटलं तर कुठे थांबायचं हेही माहीत असतं.

सोळाचे वीस म्हणजे पंचवीस टक्के वाढ. हा टक्का पत्रात लिहायचा नाही, पण भाडेकरू तो काढणारच हे धरून चालायचं.

*

काकूंनी स्वतः लिहून आणलेला मसुदा असा होता :

"महागाई किती वाढली आहे हे आपण जाणताच. सोसायटीचा खर्चही वाढला आहे. तरी आपण भाड्यात थोडीफार वाढ करावी ही नम्र विनंती. आपले घरोब्याचे संबंध लक्षात घेऊन मी अधिक काही म्हणत नाही."

वाचायला किती सालस आहे! पण यात आकडा नाही आणि तारीख नाही. हे पत्र मिळालेला सज्जन भाडेकरू पुढच्या महिन्यापासून पाचशे रुपये वाढवून पाठवेल आणि आपण मान राखला असं समजेल. काकूंना ते पाचशे अपमानासारखे वाटतील. दोघांपैकी कुणाचीही चूक नसेल, आणि तरी बोलणं तुटेल. "थोडीफार" किती ते ठरवायचं ओझं इथे भाडेकरूच्या गळ्यात टाकलं आहे. त्याने कमी धरलं तर तो कंजूष ठरतो, जास्त धरलं तर स्वतःच्या खिशाला खार लावून घेतो. आकडा न सांगणं ही समोरच्याची अडचण असते. तिला सौजन्य म्हणू नये.

"नम्र विनंती" हीदेखील इथे चुकीची जागा आहे. विनंती केली की नकाराचा रस्ता खुला राहतो. भाडेकरू म्हणू शकतो की या वर्षी जमणार नाही, काकू, आणि त्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटतं. आकडा कळवायचा असतो. विनंती करायची ती उत्तर वेळेत देण्याची.

*

दुसरा मसुदा मुलाने अमेरिकेतून पाठवला होता. तिथे असली पत्रं छापील मिळतात. त्यात साठ दिवसांच्या नोटिशीचा उल्लेख होता, तिथल्या राज्याच्या कायद्याचं नाव होतं, आणि शेवटी "अन्यथा जागा खाली करावी लागेल" असं भाषांतर करून जोडलं होतं. तिथला कायदा इथे लागू नाही, एवढं सांगून तो बाजूला ठेवला. पण त्या शेवटच्या वाक्याविषयी थोडं लिहायला हवं.

करार संपतोय, नवा नको असेल तर घर सोडावं लागेल, ही वस्तुस्थिती आहे आणि ती पत्रात आलीच पाहिजे. ती लपवली तर पत्र अपुरं राहतं. प्रश्न एवढाच की ती धमकी म्हणून येते की व्यवस्था म्हणून. "अन्यथा" आला की धमकी. "पुढे चालू ठेवायचे नसेल तर त्या दिवशी ताबा आणि अनामत यांची देवघेव करू" असं लिहिलं तर तीच गोष्ट व्यवस्था होते, आणि भाडेकरूला आपले पैसे परत कधी मिळणार तेही कळतं. घर सोडायची वेळ आली तर माणसाला पहिली काळजी अनामतीची असते. तिचं उत्तर पत्रातच मिळालं की उरलेलं पत्र तो शांतपणे वाचतो.

*

शेवटी जे पत्र गेलं ते असं :

"श्री. व सौ. …… यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : १ जूनपासूनचे मासिक भाडे व नवीन करार

आपला सध्याचा लिव्ह अँड लायसन्स करार ३१ मे रोजी संपत आहे. आपण पुढेही या घरात राहावे अशी माझी इच्छा आहे.

१ जूनपासून मासिक भाडे २०,००० रुपये राहील. सध्या ते १६,००० रुपये आहे.

नवीन करार २४ महिन्यांचा करू. दुसऱ्या वर्षी, म्हणजे पुढील वर्षाच्या १ जूनपासून, भाडे २१,००० रुपये राहील. अनामत रक्कम ५०,००० रुपये तेवढीच राहील. सोसायटीचा मेन्टेनन्स व मिळकतकर पूर्वीप्रमाणे मी भरेन. कराराचा मुद्रांक व नोंदणी यांचा खर्च निम्मा निम्मा करू.

गेली सहा वर्षे भाड्यात बदल केलेला नाही. या काळात मेन्टेनन्स वाढला आहे, आणि आपल्या इमारतीत याच आकाराच्या घरांचे नवे करार २३,००० रुपयांना झाले आहेत. ते पाहून वरील रक्कम ठरवली आहे.

बाथरूमच्या भिंतीला आलेल्या ओलीचे काम मी १५ मेपूर्वी पूर्ण करून देईन.

आपला निर्णय कृपया २० एप्रिलपर्यंत लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवावा. करार पुढे चालू ठेवायचा नसेल तर ३१ मे रोजी घराचा ताबा व अनामत यांची देवघेव करू.

मागच्या पावसाळ्यात गॅलरीतील गळती आपण वेळेवर लक्षात आणून दिलीत, त्यामुळे खालच्या मजल्याचे नुकसान टळले. याबद्दल मनापासून आभार.

आपली,
……"

*

या पत्रातल्या काही जागांविषयी.

नव्या भाड्याचं वाक्य एकटं उभं आहे. त्याच्या आधी महागाई नाही, मागे दिलगिरी नाही. "नाइलाजाने", "मनावर दगड ठेवून", "गैरसमज नसावा" यांपैकी काहीही त्या वाक्याला चिकटवलं की वाचणाऱ्याला वाटतं, या बाईंना स्वतःलाच हे पटलेलं नाही, बोलून बघू या. जुना आकडा लगेच पुढच्या वाक्यात आहे, कारण फरक किती ते वाचणाऱ्याला शोधायला लावणं बरं नाही. आणि "राहील" हे क्रियापद. "असावे", "करावे असे वाटते" ही रूपं सल्ला देतात. "राहील" निर्णय सांगतं आणि तरीही त्यात आवाज चढत नाही.

कारण एका परिच्छेदात संपलं आहे आणि ते आकड्याच्या नंतर आलं आहे. कारणं वाढवली की प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. मेन्टेनन्स नऊशेने वाढला म्हणून सांगितलं तर भाडेकरू म्हणेल, मग नऊशेच वाढवा. म्हणून मेन्टेनन्सचा आकडा मी काढून टाकला आणि इमारतीतल्या भाड्याचा ठेवला. तो भाडेकरू स्वतः तपासू शकतो, आणि तपासल्यावर वीस हजार रास्त असल्याचं त्याचं त्यालाच दिसतं. मालकाची औषधं, मुलाचं कर्ज, घराचा हप्ता यांतलं काही पत्रात येऊ नये. ते खरं असलं तरी भाडेकरूला त्यावर काय बोलावं कळत नाही, आणि आपल्या घरी त्याहून मोठी अडचण आहे हे सांगावंसं वाटतं.

बाथरूमच्या ओलीचं वाक्य माझ्या आग्रहावरून आलं. भाडेकरूने त्याबद्दल दोन वेळा सांगितलं होतं आणि काम राहून गेलं होतं. भाडेवाढीचं पत्र हातात पडताच त्याला पहिल्यांदा ती भिंत आठवणार. मग ती त्याच्या तोंडून तक्रार म्हणून ऐकण्यापेक्षा आपण होऊन तारखेसह कबूल करावी. पण "भाडं वाढवलंत की करून देते" असं जोडायचं नाही. घर राहण्याजोगं ठेवणं हे आधीच्या सोळा हजारांतही येत होतं. तारीख नवं भाडं सुरू होण्याच्या आधीची घेतली ती यासाठीच.

आभाराचं वाक्य शेवटी आहे आणि एका विशिष्ट प्रसंगाचं आहे. "आपण आदर्श भाडेकरू आहात" असं सुरुवातीला लिहिलं की पुढे काय येणार ते लगेच ओळखू येतं आणि कौतुक खोटं ठरतं. गळती सांगितल्याची आठवण मात्र खरीच आहे, म्हणून ती टिकते.

"भाडे" हा शब्द ठेवावा का, असं काकूंनी विचारलं, कारण करारात "परवाना शुल्क" असतं. नोंदवलेला लायसन्स करार असेल तर त्यात नमूद केलेल्या गोष्टींबाबत तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो, असं भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ सांगतं. तेव्हा पत्रात रोजचा शब्द वापरला तरी चालतं. कराराचं नाव आणि संपण्याची तारीख पत्रात नीट आली पाहिजे.

*

केव्हा द्यायचं? आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात. ज्या घरात शाळकरी मुलं आहेत तिथे मेच्या मध्यावर असं पत्र देणं मला क्रूर वाटतं. नवं घर शोधायचं झालं तर ते नव्या शाळेच्या किंवा रिक्षाच्या हिशेबाने शोधावं लागतं. करार जूनच्या तोंडावर संपत असेल तर मार्चच्या शेवटी पत्र गेलेलं बरं, म्हणजे दोन महिने मिळतात. काकूंचं पत्र मुलीचा दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर द्यायचं ठरलं. तिने अभ्यासाच्या खोलीच्या दाराआडून आईवडिलांची घर सोडण्याची चर्चा ऐकावी, असं काकूंना नको होतं. ही काळजी पत्रात कुठेच लिहिलेली नाही. ती पत्राच्या तारखेत आहे.

कसं द्यायचं? हातात, दोन प्रती करून. एका प्रतीवर "मिळाले" असं लिहून सही आणि तारीख घ्यायची. ओळखीच्या माणसाकडून सही मागायला संकोच वाटतो. "माझ्या फाइलला एक प्रत लागते," एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावा. भाडेकरू दुसऱ्या गावी असेल किंवा संबंध आधीच ताणलेले असतील तर पोच मिळेल अशा टपालाने. आणि देण्याआधी एक फोन करावा : "करार संपतोय, त्याबद्दल पत्र आणून देते आहे." फोनवर आकडा विचारला तर तोही सांगून टाकावा, पत्रात आहे तोच. फोनवर एकोणीस आणि कागदावर वीस असं झालं की त्या कागदाला अर्थ राहत नाही.

*

उत्तर अठरा एप्रिलला आलं. भाडेकरूने व्हॉट्सॲपवर सभ्य शब्दांत लिहिलं होतं की वीस हजार एकदम जड जाईल, मुलीच्या अकरावीचा खर्च आहे, अठरा करता येतील का.

इथे बहुतेक मालक एकोणीसला उतरतात. अर्ध्यावर तोडणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण वीस हा फुगवलेला आकडा नव्हता, आणि तो फुगवलेला नाही हे पत्रात लिहूनही दिलं होतं. तो लगेच खाली आला असता तर पत्रातलं "ते पाहून वरील रक्कम ठरवली आहे" हे वाक्य खोटं पडलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक पत्रातला आकडा घासाघीस करण्याजोगा मानला गेला असता.

तरी द्यायला काकूंकडे काहीच नव्हतं असं नाही. भाडेकरूचा पगार सात तारखेला होतो आणि भाड्याची तारीख पाच होती. दर महिन्याला त्याची ओढाताण व्हायची. ती तारीख दहा केली. मुद्रांक आणि नोंदणीचा सगळा खर्च या वेळी काकूंनी उचलला. उत्तर असं गेलं : "आपली अडचण समजते. भाडे पत्रात लिहिल्याप्रमाणे २०,००० राहील. भाड्याची तारीख ५ ऐवजी १० करू, आणि या वेळचा नोंदणीचा खर्च मी करेन." तीन वाक्यं. पहिल्या वाक्यानंतर "पण" मुद्दाम घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला.

नोंदणीचा खर्च किती? लिव्ह अँड लायसन्सवर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते मुदतीतलं एकूण भाडं अधिक अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. इथे पहिल्या वर्षाचे २,४०,०००, दुसऱ्याचे २,५२,०००, आणि ५०,००० वर दोन वर्षांचं व्याज १०,०००. बेरीज ५,०२,०००, त्याचा पाव टक्का १,२५५. शहरी भागातली नोंदणी फी १,०००. वर थोडाफार किरकोळ खर्च येतो. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाचे पैसे वेगळे. चोवीस महिन्यांचा करार केल्याने दर अकरा महिन्यांनी होणारी ही धावपळ वाचते, आणि दुसऱ्या वर्षीचा आकडा आधीच लिहिलेला असल्यामुळे पुढच्या मार्चमध्ये काकूंना पुन्हा हे अवघड पत्र लिहावं लागत नाही.

*

करारात सोळाच ठेवू, वरचे चार हातात द्या, असं सांगणारे मालक भेटतात. मी असा करार लिहीत नाही. भाडेकरूला घरभाडे भत्त्यासाठी खऱ्या आकड्याचा कागद लागतो. आणि मालकाने पुढे कधी चार हजार थकल्याचं म्हटलं तर ते कशाच्या आधारावर म्हणायचं? त्याचा स्वतःचाच करार त्याच्या विरुद्ध बोलतो.

*

जूनची दहा तारीख ही पत्राची खरी परीक्षा. होकार देऊनही काही भाडेकरू पहिल्या महिन्यात जुनीच रक्कम पाठवतात. कधी बँकेत लावून ठेवलेला नेहमीचा हप्ता बदलायचा राहून जातो, कधी मालक काय म्हणतात ते बघायचं असतं. मालक गप्प राहिला तर दोन-तीन महिन्यांत तेच भाडं ठरून जातं. त्याच दिवशी लिहावं : "१६,००० रुपये मिळाले, धन्यवाद. जून महिन्याचे ४,००० बाकी आहेत." रागवायचं नाही, कारण विचारायचं नाही, रक्कम परत पाठवायची नाही. मिळालेलं मिळालं म्हणून नोंदवायचं, बाकी बाकी म्हणून. बहुतेकदा उरलेले पैसे संध्याकाळपर्यंत येतात.

चिडून पाणी बंद करणं, वीज तोडणं, लिफ्टची किल्ली काढून घेणं हे विचारातही आणू नये. अत्यावश्यक सोयी तोडायला कलम २९ मनाई करतं, आणि तसं केल्यावर मालकाचं आधीचं सभ्य पत्रही त्याच्या उपयोगी पडत नाही.

*

सदाशिव पेठेतल्या वाड्याचे किंवा गिरगावातल्या चाळीचे मालक येतात तेव्हा वरचं बरंचसं लागू होत नाही. तिथला भाडेकरू कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असतो, त्याचा करार दर वर्षी संपत नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या याच कायद्याचं कलम ११ मालकाला दर वर्षी चार टक्के वाढ देतं. भाडं अडीचशे असेल तर वर्षाला दहा रुपये. बाजारभाव काय आहे याचा तिथे संबंध येत नाही, आणि बाजारभाव लिहून पाच हजार मागणारं पत्र कायद्यापुढे टिकत नाही. अशा मालकाची कुचंबणा मला दिसते. घरपट्टी आणि दुरुस्ती यांपुढे ते दहा रुपये काहीच नसतात. पण पत्रात जे लिहायचं ते एवढंच : सध्याचं भाडं, चार टक्के म्हणजे किती, नवं भाडं, कोणत्या महिन्यापासून. पावती द्यायची, आणि ती नव्या रकमेची द्यायची. तिथे ठामपणा सातत्यातून येतो. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच चार ओळी.

*

आणि भाडेकरूने नाही म्हटलं तर?

मग मन वळवायला जाऊ नये, आणि दुखावल्यासारखंही लिहू नये. आठ ओळींचं उत्तर पुरतं : आपला निर्णय कळला, ३१ मे रोजी सकाळी घर पाहून ताबा घेईन, तोपर्यंतचं वीजबिल आपण भरलेलं असावं, काही नुकसान असेल तर त्याच वेळी दोघं मिळून पाहू, किल्ल्या हातात येताच अनामत त्याच दिवशी खात्यावर जमा करेन, घर दाखवायला माणसं आणायची असतील तेव्हा आदल्या दिवशी विचारेन. अनामत एका महिन्याने देऊ, पुढचा भाडेकरू आल्यावर देऊ, असं कधीही लिहू नये. त्या माणसाला नव्या घराची अनामत त्याच आठवड्यात भरायची असते.